उशीर कळवणारा मेल

काम लांबलं की मेलच्या पहिल्याच ओळीत नवी तारीख द्यावी, कारणं नंतर. समजा, खरेदीच्या ॲपमध्ये ऑर्डर रद्द करण्याची सोय १० जूनला द्यायची होती. मग ग्राहकाने ऑर्डरमधली एखादीच वस्तू रद्द करण्याची मुभा मागितली. दिसायला एक बटण वाढलं. पण सवलत, जीएसटी आणि परतावा वस्तूगणिक नव्याने मोजावा लागला. मेलमध्ये एवढंच लिहावं: ‘२० मेच्या बैठकीतला हा बदल: कामाचे सहा दिवस. २७ मेचा बदल, पैसे वॉलेटमध्ये परत: चार दिवस. नवी तारीख २४ जून.’ दोष कुणालाच देऊ नये. शेवटी पर्याय ठेवावा: ‘वॉलेट पुढच्या टप्प्यात घेतलं तर १८ जूनला देऊ. शुक्रवारपर्यंत कळवा.’