दोन भाषांची कामे – भाग ६ : कोर्टाला प्रमाणपत्र पुरत नाही

१८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाच्या कोल्हापूर सर्किट बेंचचे कामकाज सीपीआरसमोरच्या जुन्या कोर्टाच्या इमारतीत सुरू झाले. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांची प्रकरणे आता तिथे चालतात. तेव्हापासून मराठी-इंग्रजी दोन्ही चांगले येणारे बरेच जण विचारतात, ‘कोर्टाची भाषांतरे करायची तर कुठला कोर्स करावा लागतो?’

कामाची गरज खरी आहे. १९९८च्या अधिसूचनेने महाराष्ट्रातल्या खालच्या न्यायालयांची भाषा मराठी झाली, पण राज्यघटनेच्या ३४८व्या कलमाप्रमाणे उच्च न्यायालयाचे काम इंग्रजीत चालते. त्यामुळे फिर्याद, पंचनामा, साक्षी, सातबारा, फेरफार असे मराठी कागद वरच्या कोर्टात नेताना इंग्रजीत न्यावे लागतात.

कोर्सचे उत्तर मात्र विचारणाऱ्याला निराश करते. काही देशांत सरकार शपथबद्ध भाषांतरकारांची यादी ठेवते, त्यांचा शिक्का चालतो. आपल्याकडे तशी यादीही नाही आणि परवानाही नाही. विद्यापीठाची अनुवाद पदविका आहे, केंद्रीय अनुवाद ब्यूरोचे हिंदी-इंग्रजीचे प्रशिक्षण आहे. नोकरीच्या अर्जात, प्रकाशकाकडे, बँकेच्या राजभाषा विभागात या कागदांना वजन आहे. नोटरीलाही १९५२च्या कायद्याच्या ८व्या कलमाने भाषांतर करण्याचा आणि ते पडताळण्याचा अधिकार दिलेला आहे, म्हणून परदेशी निघालेल्या मुलांचे जन्मदाखले तिथे जातात. न्यायालयात अनुवादक म्हणून कायम नोकरी हवी असेल, तर भरतीची जाहिरात आणि परीक्षा हाच रस्ता. बाकी रोजच्या कामात वकीलच भाषांतरावर ‘खरे भाषांतर’ असा शेरा मारून सही करतात. भाषांतर ज्याने केले, त्याचे नाव बहुतेक वेळा कुठेच येत नाही.

पदविका त्या माणसाविषयी बोलते: याला दोन भाषा येतात, याने अमुक परीक्षा दिली. कोर्टाला हवी असते या एका कागदाची, या एका वाक्याची हमी. ती हमी शपथेतून येते. १९६९च्या शपथ कायद्यात साक्षीदाराप्रमाणे दुभाष्यासाठीही शपथेचा वेगळा नमुना आहे. विचारलेले प्रश्न आणि दिलेली साक्ष नीट समजावून सांगीन, दिलेल्या कागदांचे अचूक भाषांतर करीन, असा त्याचा आशय. कोर्टाच्या पगारी दुभाष्याला ती दर वेळी घ्यावी लागत नाही, बाहेरून बोलावलेल्याला घ्यावी लागते. शपथेला दातही आहेत. खोट्या साक्षीची व्याख्या करणाऱ्या कलमात, म्हणजे आता भारतीय न्याय संहितेच्या २२७व्या कलमात, शपथेने बांधलेल्या भाषांतरकाराने जाणूनबुजून चुकीचे भाषांतर दिल्याचे उदाहरणच दिलेले आहे. खटल्यात असे केल्यास सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. एवढी जोखीम अंगावर घेऊन पुस्तकाचे भाषांतर कोणी करत नाही.

या जोखमीमुळे कामाची रीतही उलटी होते. पदविकेत आपल्याला भाषांतर वाचनीय करायला शिकवतात. अडखळलेले वाक्य सरळ करा, मोघम शब्द नेमका करा. कोर्टात हेच घातक ठरते.

जमिनीचे एक उदाहरण घेऊ. हे रचलेले आहे, पण अशी वाक्ये आपल्याकडच्या दाव्यांत पानोपानी भेटतात. पन्हाळ्याकडच्या दोन भाऊबंदांचा वाद आहे. वादी साक्षीत म्हणतो, ‘बांधालगतची पट्टी आमच्या वडिलांपासून आमच्या वहिवाटीत आहे.’ आता ही वहिवाट म्हणजे काय? वडिलांपासून तिथे पीक घेत आलो, म्हणजे ताबा? की बैलगाडी, ऊस त्या पट्टीवरून नेत आलो, म्हणजे जाण्यायेण्याचा वापर? मराठीत दोन्ही वहिवाटच. इंग्रजीत ‘पझेशन’ लिहिले तर वादी जमीन मागतो आहे, ‘यूज’ लिहिले तर फक्त वाट. एका शब्दात दाव्याचा प्रकारच बदलला. दुसऱ्या अपिलात उच्च न्यायालय साक्षीपुरावा सहसा नव्याने तोलत नाही, कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न असेल तरच ऐकते. म्हणजे भाषांतरात घुसलेला अर्थ तिथे सहज पकडला जाईल, असा भरवसा नाही. पुढच्या ओळीत ‘दरवर्षी भुईमूग टोकतो’ असे असेल तर अर्थ ठरला. नसेल तर कोर्टाचा भाषांतरकार ‘वहिवाट’ हा शब्द तसाच ठेवतो आणि त्याचे दोन्ही अर्थ तळटिपेत देतो. अर्थ ठरवणे न्यायाधीशाचे काम आहे.

याहून अवघड भाजलेल्या बाईचा मृत्युपूर्व जबाब. ‘पेटवून घेतलं’ आणि ‘पेटवून दिलं’ यांत एका क्रियापदाचा फरक आहे. पहिल्यात तिने स्वतःला जाळले, दुसऱ्यात दुसऱ्याने तिला. इंग्रजीत कर्ता गाळून ‘आग लावण्यात आली’ अशा वळणाचे वाक्य करणे सोपे असते, ते दिसतेही सफाईदार, आणि त्यात आत्महत्या व खून यांच्यातली रेघ पुसली जाते. माझ्या मते भाषांतर तपासताना आधी क्रियापदे पाहावीत. मूळ वाक्यातला कर्ता इंग्रजीत हरवला असेल, तर तो कागद परत पाठवावा.

तोंडी काम आणखी वेगळे आहे. शिरोळ, गडहिंग्लज भागातल्या खटल्यांत सीमेपलीकडचा कन्नड बोलणारा साक्षीदार येतो. तो म्हणतो, ‘होडद’, म्हणजे त्याने फटका मारला, मारहाण केली. जीव घेतला म्हणायला कन्नडमध्ये ‘कोंद’ हा वेगळा शब्द आहे. घरात दोन्ही भाषा बोलणारा माणूस चटकन सांगतो, ‘त्यानं मारलं.’ मराठीतल्या ‘मारलं’मध्ये मारहाणही येते आणि खूनही. साक्षीदाराने जे मोघम ठेवलेच नव्हते, ते दुभाष्याने मोघम केले. इथे ‘मारहाण केली’ असेच म्हणायला हवे. शंका वाटली तर न्यायाधीशांना सांगून मूळ शब्द नोंदवून घ्यावा. अर्थ परस्पर ठरवून पुढे जाऊ नये.

मूळ शब्दाचा आग्रह का, हे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या ३१२व्या कलमावरून समजते. साक्ष परक्या भाषेत असेल आणि त्या भाषेत लिहून घेणे शक्य नसेल, तर साक्ष चालू असतानाच तिचे कोर्टाच्या भाषेत खरे भाषांतर तयार होते आणि न्यायाधीशांच्या सहीने तेच दप्तरी लागते. कन्नड वाक्य हवेत विरते. अपिलात ताडून पाहायला मूळ काही उरत नाही.

म्हणून दुभाषी ‘तो म्हणतोय की’ अशी सुरुवात न करता साक्षीदाराच्याच पुरुषात बोलला तर उत्तम: ‘मी दारात उभा होतो.’ साक्षीदार अडखळला तर ते अडखळणेही सांगावे. वकिलाचा प्रश्न साक्षीदाराला कळला नाही तर तो सोपा करून सांगू नये. कळला नाही, एवढेच कोर्टाला कळवावे. साक्षीदाराच्या गावचा, ओळखीचा माणूस दुभाषी म्हणून उभा राहिला तर नेमकी इथेच अडचण होते. तो मदत करू लागतो, आणि ती मदत साक्षीत मिसळते.

एखाद्या दिवसापुरता दुभाषी हवा असेल तेव्हा कोर्ट मुख्यतः दोन गोष्टी पाहते: दोन्ही भाषा खरोखर येतात का, आणि पक्षकारांशी काही संबंध आहे का. भाषेच्या प्रश्नाला पदविकेचा आधार होतो. संबंधाविषयी मात्र शपथ घेण्याआधी आपणच बोलायचे असते. साक्षीदार चुलत मेहुण्याचा शेजारी असला, तरी तेही.