एकाच तक्त्यात दर : पुरवठादारांना पाठवायचे पत्र

वसतिगृहाच्या खानावळीसाठी किराणा घेताना तीन दुकानांतून दरपत्रके मागवली, तर ती तीन तऱ्हांनी येतात. एक दुकानदार कट्ट्याचा दर लिहितो, दुसरा किलोचा, तिसरा पाकिटाचा. एकाच्या दरात जीएसटी धरलेला असतो, दुसऱ्याकडे तो 'वेगळा' म्हणून तळटिपेत जातो. हमाली आणि गाडीभाडे कोणी लिहितो, कोणी माल उतरल्यावर सांगतो. निदान तीन दरपत्रके मागवून तुलनात्मक तक्ता करण्याची पद्धत सरकारी आणि अनुदानित संस्थांत जुनी आहे. पण हाती आलेले कागद एका मापाचे नसतील, तर तक्ता करणाऱ्याची संध्याकाळ आकडेमोडीत जाते आणि निवड चुकायची ती चुकतेच. यावर साधा उपाय असा की, रकाने आखलेला तक्ता मागणी करणाऱ्यानेच तयार करावा आणि सगळ्या पुरवठादारांना एकाच पत्रासोबत पाठवावा.

हा उपाय कुठे उपयोगी पडतो, हे तूरडाळीच्या एका उदाहरणावरून दिसेल. समजा, दीडशे विद्यार्थ्यांच्या खानावळीला महिन्याला २७० किलो तूरडाळ लागते, म्हणजे माणशी रोज ६० ग्रॅम. पहिला व्यापारी ५० किलोच्या कट्ट्याचा दर ६,३५० रुपये कळवतो. दुसरा ३० किलोचा कट्टा ३,८४० रुपयांना देतो. तिसरा एक किलोचे पाकीट १२४ रुपयांना देऊ करतो. कागदावर किलोचे दर अनुक्रमे १२७, १२८ आणि १२४ रुपये पडतात. पाकीटवाला सर्वांत स्वस्त आहे, असेच कोणालाही वाटेल.

आता तळटिपा वाचायच्या. डाळ पाकीटबंद, लेबल लावलेली आणि २५ किलोपर्यंतच्या पॅकिंगची असेल, तर तिच्यावर ५ टक्के जीएसटी लागतो. हा नियम १८ जुलै २०२२ पासून आहे. २५ किलोवरच्या कट्ट्याला तो लागत नाही. त्यामुळे १२४ रुपयांचे पाकीट १३० रुपये २० पैशांना पडते. पहिल्या व्यापाऱ्याच्या दरात हमाली-भाडे धरलेले नाही आणि ते कट्ट्यामागे १०० रुपये आहे, म्हणजे त्याची डाळ किलोला १२९ रुपये झाली. दुसऱ्याचा दर पोच आहे, म्हणजे माल कोठीच्या दारात उतरवून देईपर्यंतचा. त्याची डाळ १२८ रुपयांनाच पडते. कागदावरचा क्रम पूर्ण उलटा झाला. पाकीटवाला आणि दुसरा व्यापारी यांच्यातला फरक किलोला २ रुपये २० पैसे, म्हणजे एकट्या तूरडाळीवर महिन्याला ५९४ रुपये आहे.

यात आणखी एक मेख असू शकते. पहिल्या व्यापाऱ्याने लिहिलेले ५० किलो हे बारदानासह आहेत की बारदान वगळून? ५० किलो धान्याची तागाची गोणी सुमारे ५८० ग्रॅमची असते. वजन बारदानासह असेल, तर गोणीत डाळ ४९ किलो ४२० ग्रॅमच निघेल आणि दर किलोला साडेएकशेतीस रुपयांपर्यंत जाईल. मग तो तिघांत सर्वांत महाग ठरतो. एका शब्दाच्या संदिग्धतेने दुसऱ्या क्रमांकाचा पुरवठादार तिसऱ्यावर जातो. म्हणून तक्त्याच्या रकान्यात नुसते 'वजन' लिहून भागत नाही, 'निव्वळ वजन' असेच लिहावे लागते.

तेलाच्या बाबतीत हीच अडचण मापातून येते. डबा १५ किलोचाही असतो आणि १५ लीटरचाही. दिसायला दोन्ही सारखे, बोलताना दोघांना 'पंधराचा डबा' म्हणतात. पण एक लीटर खाद्यतेलाचे वजन साधारण ९१० ग्रॅम भरते, म्हणून १५ लीटरच्या डब्यात तेल सुमारे १३ किलो ६५० ग्रॅम असते. १५ किलोचा डबा कर धरून २,२०५ रुपयांना आणि १५ लीटरचा २,०४० रुपयांना मिळत असेल, तर दुसरा डबा १६५ रुपयांनी स्वस्त भासतो. किलोचा हिशेब केला की पहिला १४७ रुपयांना पडतो आणि दुसरा जवळजवळ साडेएकशे एकोणपन्नास रुपयांना. शिवाय तेल तापले की प्रसरण पावते आणि तेवढ्याच लीटरचे वजन कमी भरते. पाकिटांवर जास्त तापमानाला मोजलेले माप छापण्याच्या प्रकारामुळे केंद्र सरकारने ऑगस्ट २०२२ मध्ये उत्पादकांना तापमानाचा उल्लेख न करता माप आणि सोबत वजनही छापण्यास सांगितले. खरेदीच्या तक्त्यात तेलाला किलो हेच एकक ठेवले की हा गोंधळ मिटतो.

तक्ता आखताना मोह होतो तो रकाने वाढवण्याचा. किराण्याला सात रकाने पुरतात : मालाचे नाव, प्रत किंवा ब्रँड, एका पॅकिंगचे निव्वळ वजन किलोत, एका पॅकिंगचा कर वगळून दर, जीएसटीची टक्केवारी, एका पॅकिंगमागचा पोच खर्च आणि दर लागू राहण्याची शेवटची तारीख. पहिले दोन रकाने खरेदीदाराने स्वतः भरून पाठवायचे. हे महत्त्वाचे आहे, कारण नुसती 'तूरडाळ' मागवली तर एक जण फटका डाळीचा दर देतो, दुसरा सव्वा नंबरचा, आणि त्या दोन दरांची तुलनाच होत नाही. साखरेत एस-३० आणि एम-३० हा दाण्याच्या आकाराचा फरक आहे. तांदळात जातीबरोबर जुना की नवा हेही लिहावे लागते. पुरवठादाराला फक्त पाच चौकटी भरायच्या राहतात, आणि चौकटी कमी असल्या की त्या भरून येतात.

किलोचा अंतिम दर काढण्याचे काम मात्र पुरवठादारावर टाकू नये. ते खरेदीदाराने आपल्या संगणकावर करावे, म्हणजे सगळ्यांना एकच रीत लागू होते. एक्सेलमध्ये वजन C, दर D, कर E आणि पोच खर्च F या स्तंभांत असेल, तर सूत्र एवढेच :

```
=(D2*(1+E2/100)+F2)/C2
```

वजनाच्या चौकटीत कोणी '५० किलो' असे शब्दासह लिहिले, तर संगणक तो आकडा मानत नाही आणि उत्तराच्या जागी #VALUE! दिसते. म्हणून एकक रकान्याच्या मथळ्यात छापायचे आणि चौकटीत फक्त आकडा मागायचा. दुसरी सूचना रिकाम्या चौकटीबद्दल. पोच खर्चाची चौकट कोरी राहिली, तर संगणक ती शून्य धरतो. प्रत्यक्षात दुकानदार ती भरायला विसरलेला असू शकतो. खर्च नसेल तर शून्य लिहा, माल नसेल तर 'नाही' लिहा, असे पत्रातच सांगितलेले बरे.

पत्र मोठे असू नये. त्याचा नमुना असा होऊ शकतो :

"महोदय, आमच्या वसतिगृहातील १५० विद्यार्थ्यांच्या खानावळीसाठी जुलै महिन्यात लागणाऱ्या २४ जिनसांची यादी सोबतच्या तक्त्यात दिली आहे. अंदाजे मागणी प्रत्येक जिनसेपुढे लिहिली आहे. कृपया आपले दर याच तक्त्यात भरून २२ जून, सायंकाळी ५ वाजेपर्यंत पाठवावेत. वजन बारदान वगळून, तेलाचेही किलोतच लिहावे. दर कर वगळून लिहावा आणि कराची टक्केवारी वेगळ्या चौकटीत द्यावी. हमाली, भाडे किंवा इतर कोणताही खर्च लागणार असेल, तर तो पोच खर्चात धरावा. नंतर वेगळा मागता येणार नाही. खर्च नसल्यास शून्य आणि माल नसल्यास 'नाही' असे लिहावे. रकान्यांचा क्रम बदलू नये. आपले छापील दरपत्रक सोबत जोडण्यास हरकत नाही, मात्र तुलना या तक्त्यावरूनच केली जाईल. बिलाची रक्कम माल मिळाल्यापासून १५ दिवसांत दिली जाईल."

शेवटचे वाक्य शिष्टाचाराचे वाटेल, पण दर त्यावर ठरतो. पैसे कधी मिळणार हे ठाऊक नसेल, तर व्यापारी उधारीचे दिवस अंदाजाने धरून दर चढवतो, आणि प्रत्येकाचा अंदाज वेगळा असतो. मुदत सर्वांना एकच सांगितली की दरही एका पायावर येतात. अंदाजे मागणीचेही तसेच : दोन कट्ट्यांचा दर आणि नऊ कट्ट्यांचा दर एक नसतो.

पत्र पाठवूनही काही जण आपल्याच छापील यादीचा फोटो मोबाइलवर धाडतात. यात दरवेळी आडमुठेपणा असतो असे नाही. हजारभर जिनसांची यादी असलेल्या घाऊक व्यापाऱ्याला एका गिऱ्हाइकासाठी ती नव्याने लिहिणे परवडत नाही. म्हणून तक्ता छोटा ठेवावा. मागच्या तीन महिन्यांची बिले काढून ज्या वीस-पंचवीस जिनसांवर बहुतेक पैसा जातो, तेवढ्याच त्यात घ्याव्यात. हळद-मोहरीपासून अगरबत्तीपर्यंत सगळे घातले, तर भरलेला तक्ता परत येणार नाही. तरीही फोटोच आला, तर त्यावरून आकडे आपण भरून ते लेखी कबूल करून घ्यावेत. अंदाजाने भरलेला आकडा तक्त्यात राहू देऊ नये.

दराच्या मुदतीबाबत सगळ्यांकडून एकच अपेक्षा धरणे चुकीचे ठरते. डाळी आणि तेलाचे भाव बाजारात रोज हलतात. महिन्याभराचा दर बांधून मागितला, तर व्यापारी चढाची जोखीम आधीच दरात घालतो. या दोहोंसाठी पंधरा दिवसांची मुदत रास्त आहे. मीठ, साबण, धुण्याची पावडर यांना महिना-दोन महिने चालतात.

कराबाबत एक भेद लक्षात ठेवायला हवा. वसतिगृहाला भरलेल्या जीएसटीची वजावट मिळत नाही, म्हणून त्याने करासह दरांची तुलना करायची. ज्या नोंदणीकृत दुकानदाराला ती वजावट मिळते, त्याने मात्र कर वगळलेला दर पाहावा. कंपोझिशन योजनेतला छोटा व्यापारी बिलात कर वेगळा लावू शकत नाही. त्याने कराच्या चौकटीत शून्य लिहिले, तर ती चूक नसते.

तक्त्याला डाळीची चव कळत नाही, शिजायला लागणारा वेळही कळत नाही. किलोमागे रुपयाभराचाच फरक असेल, तर पहिल्या दोघांकडून अर्धा-अर्धा किलो नमुना आणून एकाच दिवशी, एकाच कुकरच्या दोन डब्यांत शिजवून पाहावा. निवड झाल्यावर मागणीपत्रात तक्त्यातलीच ओळ जशीच्या तशी उतरवावी, म्हणजे बिल ताडून पाहता येते. पहिली गाडी आली की एक गोणी काट्यावर चढवावी, रिकामी गोणी वेगळी तोलून वजा करावी, आणि तूट निघाली तर चालकाची सही चलनावर तिथेच घ्यावी.