परवानगीच्या पत्रातला नेमकेपणा

समजा, एका महाविद्यालयाचे सहा विद्यार्थी आणि त्यांच्या प्राध्यापक बाई सप्टेंबरात भीमाशंकर अभयारण्यात वनस्पतींची नोंद करणार आहेत. पत्र लिहायचं आहे वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांना. पण १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम २८ नुसार अभयारण्यात अभ्यासासाठी परवाना देण्याचा अधिकार आहे मुख्य वन्यजीव रक्षकांकडे. मग खालच्या कार्यालयात पत्र कशाला? कारण वर गेलेला अर्ज बहुधा अभिप्रायासाठी खाली येतोच, आणि तो अभिप्राय जंगल रोज पाहणारा अधिकारी लिहितो. म्हणून मूळ अर्ज विभागीय कार्यालयामार्फत वर पाठवावा आणि परिक्षेत्र कार्यालयाला वेगळं, सविस्तर पत्र द्यावं.

‘भीमाशंकर परिसरातील वनस्पतींचे सर्वेक्षण’ एवढ्याने अधिकाऱ्याला काहीच ठरवता येत नाही. सोबत कोणत्या वनरक्षकाला पाठवायचं, हेही नाही. वनखात्याचा नकाशा परिक्षेत्र, परिमंडळ, नियतक्षेत्र आणि कक्ष अशा वाटण्यांनी चालतो. त्यामुळे आधी कार्यालयात जाऊन नकाशा पाहावा आणि कक्ष क्रमांक पत्रात लिहावा. तारखा, रोजची वेळ, प्रत्येकाचं नाव व ओळखपत्र आणि जबाबदार शिक्षकाचा फोन हे ओघाने येतंच.

खरी गाठ पुढे आहे. काही तोडणार का? या कायद्याच्या व्याख्येत अधिवासाचा भाग असलेली वनस्पतीही ‘वन्यजीव’ आहे. म्हणजे नमुना म्हणून कारवीची फांदी खुडायची तरी तिला वेगळी परवानगी लागते. ‘सर्वेक्षण’ म्हटल्यावर नमुने आलेच, असं विद्यार्थी गृहीत धरतात, आणि पिशवीत पानं सापडली की प्रकरण चिघळतं. माझं ठाम मत आहे की पदवीच्या विद्यार्थ्यांनी नमुने मागूच नयेत. फूल, पानाच्या दोन्ही बाजू, साल आणि पूर्ण झाड यांचे फोटो बहुतेक झाडांच्या ओळखीला पुरतात. गवतं आणि लव्हाळी मात्र फोटोवरून नीट ओळखता येत नाहीत. तिथे नोंद वंशापर्यंतच थांबवावी. पत्रातला मजकूर असा असू द्या:

‘झाडांसाठी १० मीटर बाय १० मीटरचे व लहान वनस्पतींसाठी १ मीटर बाय १ मीटरचे चौकोन दोरीने आखून नोंदी घेऊ. दोरी त्याच दिवशी काढून घेऊ. कोणतीही वनस्पती, बी, कंद वा माती बाहेर नेणार नाही. दुर्मीळ वनस्पतींची नेमकी ठिकाणे केवळ आपल्या कार्यालयास कळवू व अन्यत्र प्रसिद्ध करणार नाही.’

शेवटचं वाक्य वगळू नका. खर्चुडीसारख्या कंदवर्गीय वनस्पतीची जागा फोटोसोबत जगजाहीर झाली, तर कंद उकरणाऱ्याला आयता पत्ता मिळतो.

पत्र दिल्यावर आवक क्रमांक आणि शिक्का असलेली पोच घ्यावी. ती पोच म्हणजे परवाना नव्हे. परवाना हातात आल्यावरच गाडी ठरवावी. तो उशिरा आला आणि पावसाळी फुलं संपली, तर तारखा बदलून मागाव्यात आणि सर्वेक्षण झाडांपुरतं ठेवावं.