मृत्युपत्रातलं ‘बाकी सगळं’ कुणाला जातं? दुकानदाराच्या एका उदाहरणातून समजून घेऊ

व्हिडिओत आकडे पटकन सरकले, म्हणून इथे निवांत लिहून देतोय. शेजारी कागद-पेन ठेवा.

समजा, धाराशिवमध्ये एका काकांचं हार्डवेअरचं दुकान आहे. घरी पत्नी, एक मुलगा, एक मुलगी. काकांच्या मृत्युपत्रात तीनच गोष्टी आहेत. दुकानाचा गाळा आणि त्यातला माल मुलाला. तुळजापूर रस्त्यावरचा स्वकमाईचा प्लॉट मुलीला. आणि शेवटी, “वर न लिहिलेली माझी उर्वरित सर्व मिळकत पत्नीला.” एक्झिक्युटर, म्हणजे व्यवस्थापक, म्हणून काकांच्या मेहुण्यांचं नाव.

पहिल्यांदा वाचायचं ते व्यवस्थापकाचं कलम. लोकांना वाटतं हा माणूस मालक झाला. तसं नाही. तो मिळकत गोळा करतो, देणी फेडतो आणि मग लिहिलंय तसं वाटून देतो. त्याला स्वतःला हिस्सा तेव्हाच, जेव्हा लाभार्थी म्हणूनही त्याचं नाव असेल. धंदेवाल्या माणसाने इथे उधारीची वही समजणारा माणूस नेमावा, हे माझं मत. नुसता वयाने मोठा म्हणून नेमला तर वसुली तिथेच बुडते.

आता लाभार्थ्यांकडे येऊ. मुलाला गाळा आणि माल मिळाला, पण मालावर बँकेचं ६ लाखांचं कॅश क्रेडिट आहे. ते कोण फेडणार? भारतीय उत्तराधिकार कायदा, १९२५ सांगतो की नेमकी वस्तू तारण असेल आणि मृत्युपत्रात वेगळं काही लिहिलेलं नसेल, तर वस्तू घेणाऱ्याने तिच्यावरचा बोजाही घ्यायचा. “माझी सर्व देणी फेडावीत” एवढ्या मोघम वाक्याने तो बोजा उतरत नाही. म्हणजे मुलाच्या वाट्याला दुकान अधिक ६ लाखांचं कर्ज.

मुलीचं तर त्याहून अवघड आहे. काकांनी मृत्युपत्र केल्यानंतर तो प्लॉट ५ लाखांना विकला आणि पैसे एफडीत ठेवले. मृत्युपत्र मात्र तसंच राहिलं. मृत्यूच्या दिवशी ती वस्तूच काकांकडे नव्हती, त्यामुळे मुलीचं ते कलम गळून पडतं. विक्रीचे पैसे आपोआप तिच्याकडे वळत नाहीत. ते जातात ‘बाकी सगळं’ मध्ये.

आता ही ‘बाकी’ मोजा. एफडी ५ लाख, वसूल होण्यासारखी उधारी ४ लाख, टेम्पो ३ लाख. झाले १२. त्यातून व्यापाऱ्यांची विनातारण देणी २ लाख आणि शेवटच्या आजारपणाचा व अंत्यविधीचा खर्च १ लाख वजा. उरले ९ लाख, ते सगळे काकूंना. उर्वरित मिळकतीचं कलम देणी भागल्यावरच हातात येतं, हे विसरू नका. उधारी निम्मीच वसूल झाली तर काकूंचेच २ लाख कमी होतील, मुलाचा गाळा तसाच राहील.

शेवटचं ते एक वाक्य मृत्युपत्रात नसतंच तर? मग हे ९ लाख मृत्युपत्राबाहेरचे ठरले असते आणि हिंदू उत्तराधिकार कायदा, १९५६ लागू झाला असता. काकांची आई हयात नाही असं धरलं, तर पत्नी, मुलगा, मुलगी यांना ३-३ लाख. म्हणजे गंमत बघा, ते वाक्य नसतं तर मुलीला काहीतरी मिळालं असतं!

एवढ्यात मुलगा म्हणतो, “एफडीला नॉमिनी मी आहे, पैसे माझे.” इथेच बऱ्याच घरांत वाद पेटतो. ‘कालनिर्णय’चे संस्थापक जयंत साळगावकर २०१३ मध्ये गेले. त्यांचं मृत्युपत्र होतं, शिवाय नॉमिनी लावलेली म्युच्युअल फंडातली मोठी गुंतवणूक होती. नॉमिनी मालक की वारस मालक, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. डिसेंबर २०२३ मध्ये निकाल आला: नॉमिनेशनमुळे शेअर-सिक्युरिटीजची मालकी मिळत नाही, ती वारसा कायद्याने किंवा मृत्युपत्राने ठरते. बँकेतल्या ठेवींनाही न्यायालयं हेच तत्त्व लावत आली आहेत. बँक पैसे मुलाच्या हातात देईल, पण आपल्या उदाहरणात ते त्याने आईकडे सोपवायचे.

वडिलोपार्जित शेतीचं एक वेगळं लक्षात ठेवा. एकत्र कुटुंबाच्या जमिनीत काकांना फक्त स्वतःच्या हिश्श्यापुरतंच मृत्युपत्र करता येतं. सातबाऱ्यावर एकट्याचं नाव दिसतं म्हणून सगळं रान लिहून दिलं, तर बाकीच्यांचा हिस्सा त्यात येत नाही.

मुलीचं नुकसान टाळायला काकांना एक ओळ पुरली असती: “सदर प्लॉट माझ्या हयातीत विकला गेल्यास माझ्या उर्वरित मिळकतीतून मुलीला प्रथम ५ लाख रुपये द्यावेत.” ही ओळ नंतर वाढवायची असेल तर पुरवणी मृत्युपत्र करावं लागतं आणि त्यावरही दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात. जुन्या कागदाच्या समासात सही-साक्षीदारांशिवाय पेनाने लिहून ठेवलेलं चालत नाही.