स्वागताचं एक मिनिट

गेल्या जानेवारीत आमच्या सोसायटीच्या स्नेहसंमेलनात स्वागताचं भाषण कुणी करायचं, यावर कमिटीत सगळे एकमेकांकडे बघत बसले. शेवटी ते खजिनदारांच्या गळ्यात पडलं. आकडे तोंडपाठ असलेला माणूस, पण माइक कधी हातात धरलेला नाही. त्यांनी लिहून आणलेलं भाषण दोन पानी होतं. सुरुवातीला ‘सन्माननीय व्यासपीठ’, मग अकरा जणांचे आभार, मग टाकीची दुरुस्ती आणि शेवटी थकलेला मेंटेनन्स.

आम्ही दोघांनी बसून जवळजवळ सगळं काढून टाकलं. आभार मानायला शेवटी दुसरा माणूस असतोच. शिवाय अकरा नावं घेतली की बारावा रुसतो. टाकी आणि मेंटेनन्स हे सर्वसाधारण सभेचे विषय. आणि समोर शेजारीपाजारी बसलेले असताना व्यासपीठ कशाला? उरलं ते असं:

“नमस्कार मंडळी. दिवसभर पळापळ करून सगळे वेळेवर आलात, बरं वाटलं. मागे आपली लिफ्ट तीन आठवडे बंद होती. तेव्हा चौथ्या मजल्यावरच्या आजींची भाजी वर नेऊन देणारी पोरं आज इथे नाचणार आहेत. यंदा तीन नवी कुटुंबं आपल्यात राहायला आली आहेत. त्यांनी जरा हात वर करावा, म्हणजे सगळ्यांना ओळख होईल. आधी मुलांचे कार्यक्रम, मग मोठ्यांची गाणी, साडेनऊला जेवण. जेवल्याशिवाय कुणी जायचं नाही. सर्वांचं मनापासून स्वागत.”

सावकाश वाचलं तर मिनिटभराचं काम. यातली खरी सोय ‘हात वर करावा’ या वाक्यात आहे. लोक माना वळवतात, टाळ्या वाजवतात आणि तेवढा वेळ बोलणाऱ्यावर कुणाचीच नजर नसते. घाबरलेला माणूस भरभर बोलतो, श्वास घ्यायचा विसरतो. त्याला इथे आपोआप थांबावं लागतं. पाण्याचा घोट घ्यायचा तो इथेच. म्हणून ही जागा मुद्दाम मध्यावर ठेवली.

पहिलं वाक्य मात्र पाठच हवं, कारण सर्वांत जास्त धडधड तेव्हाच असते. बाकीचं बघून वाचलं तरी चालतं. फक्त मोठा पातळ कागद नको. हात थरथरला की तो फडफडतो आणि स्वतःचीच थरथर बघून आणखी घाबरायला होतं. आम्ही पोस्टकार्डाएवढ्या जाड पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात, एका ओळीत एक वाक्य असं लिहिलं. माइक तोंडापासून मूठभर अंतरावर, आणि तो घेऊन स्पीकरसमोर जायचं नाही; शिट्टी वाजते ती त्यानेच.

खजिनदार बोलले. टाळ्या पडल्या, पाणी प्यायले आणि परत पुठ्ठ्याकडे बघताना एक ओळ गाळून गेले. कुणाच्या लक्षातही आलं नसतं, पण नेमकी जेवणाचीच ओळ होती. साडेआठपासून पोरं दर पाच मिनिटांनी येऊन त्यांनाच विचारत होती, “काका, जेवण कधी?”