दोन ग्राफ एकसारखे आहेत का? श्रीखंडे ग्राफ मोजणीला कसा चकवतो

समजा, कसबा बावड्यात सहा मित्रांचा एक गट आहे. प्रत्येक मित्र म्हणजे एक ठिपका. दोघे एकमेकांना फॉलो करत असतील, तर त्यांच्यात एक रेषा. अशा आकृतीला गणितात ग्राफ म्हणतात. ठिपके हलवून एक ग्राफ दुसऱ्यावर तंतोतंत बसवता आला, तर ते दोन्ही 'आयसोमॉर्फिक', म्हणजे रचनेने एकच.

पण सहा ठिपक्यांच्या जोड्या लावून पाहायच्या तर 720 पर्याय होतात. ठिपके 16 असतील, तर 20 लाख कोटींहून जास्त! म्हणून आधी सोप्या चाचण्या करतात.

पहिली चाचणी : डिग्री

एका ठिपक्याला किती रेषा, ती त्याची डिग्री. समजा, दोन गटांत डिग्रींची यादी एकच आली : 3, 2, 2, 1, 1, 1. याद्या वेगळ्या असत्या, तर निकाल इथेच लागला असता. त्या जुळल्या, म्हणून पुढे जावं लागतं.

दुसरी चाचणी : शेजारी पाहा

आता डिग्री 3 असलेल्या मित्राचे शेजारी पाहू. पहिल्या गटात त्यांच्या डिग्री 1, 1, 2 आहेत, तर दुसऱ्यात 1, 2, 2. म्हणजे गट वेगळे! इथेही फरक दिसला नसता, तर प्रत्येक ठिपक्याला त्याच्या शेजाऱ्यांवरून नवा रंग द्यायचा, मग नव्या रंगांवरून पुन्हा शेजारी तपासायचे. नवे रंग पडायचे थांबले की थांबायचं. याला 'कलर रिफाइनमेंट' म्हणतात.

ही युक्ती कुठे फसते?

एक षटकोन घ्या आणि दोन सुटे त्रिकोण घ्या. दोन्हीकडे सहा ठिपके, प्रत्येकाची डिग्री 2. सगळ्यांचे शेजारीही सारखेच, त्यामुळे रंग कधीच बदलत नाही. फरक सांगते वेगळीच खूण : षटकोन सलग आहे, त्रिकोण सुटे आहेत.

याहून अवघड उदाहरण मुंबई विद्यापीठात गणित विभागप्रमुख राहिलेले शरदचंद्र श्रीखंडे यांच्या नावाने ओळखलं जातं. 4×4 चा पट घ्या. बुद्धिबळातल्या हत्तीप्रमाणे एकाच ओळीतली किंवा स्तंभातली घरं जोडली, की पहिला ग्राफ तयार. दुसरा म्हणजे श्रीखंडे ग्राफ. त्यात प्रत्येक घर वर, खाली, डावीकडे, उजवीकडे आणि एकाच कर्णाच्या दोन्ही टोकांना जोडायचं. पटाची कडा आली, की समोरच्या कडेने आत यायचं.

दोन्हींत 16 ठिपके, प्रत्येकाची डिग्री 6. कोणतेही दोन ठिपके घ्या, त्यांचे सामाईक शेजारी दोनच. हे दोन्ही ग्राफ सलगही आहेत. मग फरक कुठे?

एका ठिपक्याचे सहा शेजारी तेवढेच बाजूला काढा आणि त्यांच्यातल्या रेषा पाहा. हत्तीच्या ग्राफमध्ये दोन सुटे त्रिकोण मिळतात, श्रीखंडे ग्राफमध्ये षटकोन. मघाचंच कोडं इथे आत लपलेलं होतं!

लक्षात काय ठेवायचं?

एकही खूण जुळली नाही, तर ग्राफ नक्की वेगळे. सगळ्या खुणा जुळल्या, तरी ते एकच आहेत हे सिद्ध होत नाही. त्यासाठी कोणता ठिपका कोणत्या ठिपक्यावर बसतो, ती पूर्ण जोडी लावून दाखवावीच लागते.