विश्लेषण : चेकआऊट अकराला, मग दोन वाजले तरी खोली तयार का नसते?

हॉटेलच्या लॉबीत बॅगा घेऊन ताटकळणाऱ्या पाहुण्याला वाटते की खोली रिकामी आहे, फक्त कोणी झाडून घेत नाही. प्रत्यक्षात त्या वेळी वरच्या मजल्यावर हाउसकीपिंग सुपरवायझर टॅब्लेट हातात घेऊन एक कठीण गणित सोडवत असते.

टॅब्लेटवर नेमके काय दिसते?

प्रत्येक खोलीची स्थिती दिसते. पाहुणा राहणार आहे की जाणार, किती वाजता जाणार, ‘डू नॉट डिस्टर्ब’ लावले आहे का आणि त्याची काही मागणी आहे का, हे सारे रिसेप्शनच्या सॉफ्टवेअरमधून येते. त्यावरून कोणती खोली कोणी, कधी करायची हे ठरते.

खोल्या समान वाटल्या की झाले?

नाही. मुक्कामी पाहुण्याची खोली साधारण २० मिनिटांत होते. चेकआऊटच्या खोलीत चादरी, उशांचे अभ्रे, टॉवेल सगळे बदलून बाथरूम घासून, कपाटे-ड्रॉवर तपासावे लागतात. त्याला ४० मिनिटे लागू शकतात. म्हणून अनेक हॉटेलांत खोल्यांऐवजी गुण मोजले जातात : मुक्कामाच्या खोलीला एक, चेकआऊटला दोन. फक्त आकडा समान ठेवला, तर ज्याच्या वाट्याला चेकआऊट जास्त, तो दुपटीने राबतो.

मग अडते कुठे?

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. नाशिकमधील एक हॉटेल, लग्नसराईची सकाळ. २४ खोल्यांचे चेकआऊट, ३० मुक्कामी. पाच कर्मचारी यायचे होते, चारच आले. एकूण काम १,५६० मिनिटांचे, म्हणजे २६ तासांचे. चौघांकडे जेवणाची सुट्टी वगळून प्रत्येकी सात, म्हणजे २८ तास आहेत. कागदावर काम बसते.

पण चेकआऊट अकराचे आणि नव्या वऱ्हाडाचे चेक-इन दोनचे. मधल्या तीन तासांत एक कर्मचारी फार तर चार खोल्या करतो, चौघे मिळून १६. म्हणजे दोन वाजता आठ खोल्या अस्वच्छच राहणार. प्रश्न दिवसभराच्या कामाचा नसून या तीन तासांचा आहे.

सुपरवायझर काय करते?

ती जाण्याच्या वेळा पाहते. आठ खोल्यांतील पाहुणे सकाळची गाडी पकडण्यासाठी साडेआठपूर्वीच निघालेले आहेत. या खोल्या ती सगळ्यांत आधी, प्रत्येकाला दोन-दोन देते. त्या दहाच्या सुमारास होतात. मग नाश्त्याला गेलेल्या आठ मुक्कामी पाहुण्यांच्या खोल्या. अकरानंतर फक्त चेकआऊटच्या उरलेल्या १६. राहिलेल्या २२ मुक्कामाच्या खोल्या दोननंतर. ४१२ नंबरच्या पाहुण्याने दोनपर्यंत थांबण्याची परवानगी घेतली असेल, तर ती खोली संध्याकाळी येणाऱ्याला द्या, असे ती रिसेप्शनला आधीच कळवते.

सॉफ्टवेअर ही वाटणी आपोआपही करू शकते. पण ते कधीकधी एकाच कर्मचाऱ्याला दुसऱ्या आणि पाचव्या मजल्यावरच्या खोल्या देऊन मोकळे होते. मग ट्रॉली घेऊन लिफ्टची वाट पाहण्यातच वेळ जातो. नवख्या कर्मचाऱ्याचा वेगही त्याला सांगितल्याशिवाय कळत नाही. हे बदल सुपरवायझरला हातानेच करावे लागतात.

चूक कुठे होते?

पहिली चूक स्क्रीनवर विसंबण्याची. पाहुण्याने रात्रीच बिल चुकते केले की काही ठिकाणी खोली ‘चेकआऊट’ दिसू लागते. पाहुणा मात्र आत झोपलेला असतो. म्हणून दार वाजवून, ‘हाउसकीपिंग’ म्हणून थांबल्याशिवाय आत जायचे नसते.

दुसरी चूक घाईची. खोली पूर्ण होण्याआधीच ‘क्लीन’ दाबले जाते. सुरुवात आणि शेवटची वेळ टॅब्लेटवर नोंदलेली असते. चेकआऊटची खोली १५ मिनिटांत झालेली दिसली, की सुपरवायझर आधी तिथेच जाऊन बाथरूमचे कोपरे आणि पलंगाखाली पाहते. मात्र हीच नोंद पाहून कर्मचाऱ्याला केवळ वेगासाठी बोलणी बसू लागली, तर तो बटण आणखी लवकर दाबतो.

तिसरी चूक तपासणी शेवटी एकदम करण्याची. ‘इन्स्पेक्टेड’ झाल्याशिवाय रिसेप्शन किल्ली देत नाही. १६ खोल्या एकदम तपासायला घेतल्या, तर खोली तयार असूनही पाहुणा लॉबीतच बसतो.

पाहुण्याच्या हातात काय?

सकाळी लवकर निघणार असाल, तर नेमकी वेळ रात्रीच रिसेप्शनला सांगा आणि निघताना किल्ली तिथे द्या. किल्ली खोलीत ठेवून गेलात, तर टॅब्लेटवर तुमची खोली अकरापर्यंत भरलेलीच दिसते. ती आठलाच रिकामी झाली आहे, हे कळले तर अकरानंतरच्या गर्दीतले एक काम कमी होते.